दुबईला निघण्याआधी व्हीपीएनचा कायदा स्वतः कसा तपासायचा

घरातलं कुणी दुबईला निघालं की फॅमिली ग्रुपवर दोन मेसेज हमखास येतात. एक म्हणजे "तिकडे व्हॉट्सअॅप कॉल लागत नाही, इथूनच व्हीपीएन टाकून जा" आणि दुसरा "व्हीपीएन वापरला तर २० लाख दिरहम दंड आहे, लगेच काढून टाक". दोन्ही पाठवणारे आपलेच लोक असतात, काळजीनेच पाठवतात, पण दोघांपैकी कुणीच तो कायदा उघडून वाचलेला नसतो. आणि गंमत नाही, खरंच, तो वाचायला पाचएक मिनिटं लागतात, फुकट आहे, इंग्रजीत आहे, सरकारी साइटवर आहे. तर तो कुठे आहे, कसा वाचायचा, आणि वाचल्यावर आपल्या फोन-लॅपटॉपचं नक्की काय करायचं ते संयुक्त अरब अमिरातीचं म्हणजे यूएईचं उदाहरण घेऊन सांगतो, कारण महाराष्ट्रातून तिकडे जाणारे भरपूर आहेत आणि गोंधळही तिथलाच सगळ्यात जास्त आहे. पद्धत एकदा कळली की दुसऱ्या देशालाही लागू पडते, पण उत्तर मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं येतं.

अगदी नवीन असाल तर एवढंच लक्षात घ्या. तुम्ही नेटवर काही उघडलं की तुमच्या कनेक्शनचा एक पत्ता समोरच्या साइटला दिसतो, त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. व्हीपीएन लावला की तुमचा सगळा ट्रॅफिक बंद पाकिटात घातल्यासारखा आधी व्हीपीएनच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून पुढे, त्यामुळे समोरच्याला त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो, तुमचा नाही. पत्ता बदलतो ही गोष्ट डोक्यात ठेवा, कारण कायदा नेमका तिथेच बोट ठेवतो.

आता तपासायला बसताना "तिकडे व्हीपीएन चालतो का" असा एकच प्रश्न घेऊन बसू नका, ह्या प्रश्नाला धड उत्तर मिळतच नाही. तीन वेगवेगळे प्रश्न करा. व्हीपीएन हे साधन बाळगायला किंवा वापरायलाच बंदी आहे का? साधनाला बंदी नसेल तर ते कशासाठी वापरलं की गुन्हा होतो? आणि मला व्हीपीएन लावून जे करायचंय ते काम मुळात त्या देशात चालतं का? ह्या तिन्हींची उत्तरं तीन वेगळ्या ठिकाणी मिळतात आणि बहुतेक फॉरवर्ड मेसेज ह्यातलं एकच उत्तर उचलून बाकीचे दोन सोडून देतात.

गुगलवर साधं सर्च केलंत तर वरचे बरेचसे लेख व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांचे किंवा त्यांच्याकडून कमिशन घेणाऱ्यांचे निघतात. ते सगळेच खोटं लिहितात असं मी म्हणत नाही, पण लेखाच्या शेवटी "आमचा व्हीपीएन घ्या" असं बटण असेल तर त्यावर विसंबून परदेशात कायद्याशी खेळायचं नाही. यूएईच्या बाबतीत असा लेख जुना आहे का हे ओळखायची एक सोपी खूण आहे. लेखात "२०१२ चा कायदा क्रमांक ५, कलम ९" एवढाच उल्लेख असेल तर तो शिळा आहे. त्या कायद्यातला दंड २०१६ मध्ये वाढवला, तेव्हाच ते २० लाख दिरहमचे मेसेज पहिल्यांदा जोरात फिरले, पण आता तो कायदाच राहिलेला नाही. त्याच्या जागी अफवा आणि सायबर गुन्ह्यांविरुद्धचा २०२१ चा संघीय कायदा क्रमांक ३४ आला आणि तो २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. लेखात ह्या नव्या कायद्याचं नाव नसेल तर टॅब बंद करा.

मूळ कायदा वाचायचा तर यूएई सरकारची कायद्यांची साइट आहे `uaelegislation.gov.ae`, आणि टेलिकॉमचे नियम ठरवणारी संस्था म्हणजे टीडीआरए, तिची साइट `tdra.gov.ae`. सर्च इंजिनला फक्त ह्याच साइट्समध्ये शोधायला सांगायचं, म्हणजे मधली सगळी जाहिरातबाजी गळून पडते. शेवटच्या ओळीतला VoIP म्हणजे इंटरनेटवरून होणारे कॉल:

```
site:uaelegislation.gov.ae "34 of 2021" cybercrimes
site:tdra.gov.ae VPN
site:tdra.gov.ae VoIP
```

कायद्याचं पान उघडलं की बहुतेक जण काय करतात, Ctrl+F दाबून VPN टाइप करतात, काही सापडत नाही, आणि "कायद्यात व्हीपीएनचा उल्लेखच नाही, म्हणजे चालतंय" असं समजून मोकळे होतात. इथेच फसगत होते. आपल्या कामाचं कलम आहे दहावं आणि त्या कलमात व्हीपीएन हा शब्दच नाही. ते कलम बोलतं आयपी पत्त्याबद्दल. खोटा पत्ता किंवा दुसऱ्या कुणाचा पत्ता वापरून किंवा इतर कुठल्याही मार्गाने नेटवर्कचा पत्ता चुकवणं, असं ते लिहिलेलं आहे. म्हणजे तुम्ही व्हीपीएन म्हणा, प्रॉक्सी म्हणा, टॉर म्हणा, सगळं त्यात बसतं. म्हणून सर्च करताना IP, address आणि circumvent हे शब्द टाका. कुठल्याही देशाच्या कायद्यात शोधताना साधनाच्या नावापेक्षा ते साधन काय करतं त्याचे शब्द शोधा, कायदे लिहिणारे तसंच लिहितात.

आता त्याच कलमाचं दुसरं अर्धं वाक्य, जे फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. पत्ता चुकवणं हे गुन्हा करण्याच्या किंवा गुन्हा उघडकीला येऊ नये ह्या हेतूने केलेलं असेल तर शिक्षा आहे. शिक्षा म्हणजे कैद आणि ५ लाख ते २० लाख दिरहम दंड, किंवा दोन्हीपैकी एक. ५ लाख दिरहम म्हणजे आपले एक कोटीच्या वर रुपये, म्हणजे हा खालचा आकडासुद्धा माणसाला आयुष्यातून उठवणारा आहे. पण दंड व्हीपीएन चालू केल्याबद्दल लिहिलेला नाही, व्हीपीएनच्या आड गुन्हा केल्याबद्दल लिहिलेला आहे. २०१६ मध्ये गोंधळ उडाला तेव्हा तिथल्या टेलिकॉम नियामकानेच खुलासा केला होता की कंपन्या, संस्था, बँका ह्यांनी आपल्या अंतर्गत नेटवर्कमध्ये शिरण्यासाठी व्हीपीएन वापरायला कुठलाही नियम आडवा येत नाही. म्हणजे आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, साधनाला सरसकट बंदी नाही. दुसऱ्याचं उत्तर, गुन्ह्यासाठी वापरलं तर अडकलात.

हे वाचून हुश्श करून थांबू नका, कारण सगळा भार आता तिसऱ्या प्रश्नावर येतो. "गुन्हा" म्हणजे तिथला गुन्हा, आपल्या इथला नाही. इथे जे राजरोस चालतं ते तिथे गुन्हा असू शकतं, आणि ते काम व्हीपीएन लावून केलं की वर दहावं कलम चढतं. ह्यासाठी टीडीआरएचं इंटरनेट अॅक्सेस मॅनेजमेंट नावाचं धोरण आहे ते वाचा. त्यात कुठल्या प्रकारचा मजकूर ब्लॉक करायचा ह्याची वर्गवारी आहे, जुगार, अश्लील मजकूर वगैरे, आणि ब्लॉक केलेलं उघडून देणाऱ्या साइट्स हासुद्धा त्यातला एक वर्ग आहे. हे धोरण पाळायची जबाबदारी तिथल्या इंटरनेट कंपन्यांवर म्हणजे एतिसालात आणि डू ह्यांच्यावर आहे, तुम्हाला त्याखाली थेट दंड होत नाही, पण तिथलं सरकार काय खपवून घेत नाही ह्याचा अंदाज त्या यादीतून बरोबर येतो.

आता हे सगळं एका माणसावर लावून बघू. समजा नाशिकची एक मुलगी आहे, पुण्यात आयटीत कामाला, भावाकडे दुबईला दहा-बारा दिवस चाललीय, सोबत ऑफिसचा लॅपटॉप नेतेय कारण सुट्टी सगळी मंजूर झालेली नाही. फोनवर तिने एक पेड व्हीपीएन घेतलेला आहे. तिला तिकडून चार गोष्टी करायच्या आहेत. ऑफिसच्या सर्व्हरवर लॉगिन, आईला रोज व्हिडिओ कॉल, इथलं सबस्क्रिप्शन असलेल्या अॅपवर मॅच बघणं, आणि एका सरकारी पोर्टलवर फॉर्म भरणं.

ऑफिसचं लॉगिन सगळ्यात सरळ. नियामकाचा खुलासा नेमका ह्याच वापराबद्दल आहे. तरीही तिने निघण्याआधी ऑफिसच्या आयटी टीमला मेल टाकायचा, की मी ह्या तारखांना यूएईतून काम करणार आहे, लॅपटॉप आणि व्हीपीएन वापरायला परवानगी आहे का, आणि उत्तर मेलवरच घ्यायचं, तोंडी नको. (बऱ्याच कंपन्यांत परदेशातून लॉगिन केलं की खातं आपोआप लॉक होतं, ते संकटही ह्याच मेलमुळे टळतं.) आणि त्या मेलमध्ये अजून एक विचारायचं, व्हीपीएन लावल्यावर माझा सगळाच ट्रॅफिक ऑफिसमधून जातो की फक्त ऑफिसच्या साइट्सचा? हे तिला घरबसल्याही कळू शकतं. व्हीपीएन बंद असताना ब्राउझरमध्ये what is my ip शोधायचं, पत्ता लिहून ठेवायचा, मग व्हीपीएन चालू करून परत बघायचं. पत्ता बदलला तर तिचं खाजगी ब्राउझिंगही ऑफिसच्या बोगद्यातून चाललंय असं जवळजवळ धरून चालावं. अशा वेळी ऑफिसचं काम संपलं की व्हीपीएन तोडायचा, मगच इतर काही उघडायचं, कारण परवानगी कामासाठी आहे, आणि त्याच बोगद्यातून तिथे ब्लॉक असलेली साइट उघडली तर "मी तर ऑफिसचा व्हीपीएन वापरत होते" हे कारण तिला वाचवणार नाही, उलट ऑफिसही त्यात ओढलं जाईल.

आईला कॉल. यूएईत व्हॉट्सअॅपचे मेसेज, फोटो, व्हॉइस नोट सगळं चालतं, कॉल लागत नाही. कारण इंटरनेटवरून आवाजी कॉलची सेवा फक्त परवानगी असलेल्यांनीच द्यायची असा तिथला नियम आहे. इथे लोक सर्रास सांगतात की अरे लाव व्हीपीएन, सगळेच लावतात, कुणाला काही होत नाही. सगळे लावतात हे खरंही असेल, पण नियम चुकवण्यासाठीच पत्ता लपवणं हे दहाव्या कलमाच्या फार जवळ जातं आणि ते कुठे संपतं कुठे सुरू होतं हे ठरवणारे आपण नसतो, तिथला सरकारी वकील असतो. माझं मत स्पष्ट आहे, कॉलसाठी व्हीपीएन लावू नका. त्याची गरजही नाही, टीडीआरएने परवानगी दिलेल्या कॉलिंग अॅप्सची यादी सरकारी साइटवर आहे, त्यात बोटिम आहे, झूम आणि मायक्रोसॉफ्ट टीम्ससारखीही अॅप्स आहेत. यादी बदलत राहते म्हणून निघायच्या आठवड्यात परत बघायची. आणि अॅप दोन्हीकडे लागतं, म्हणून निघण्याआधी आईच्या फोनवर ते टाकून, खातं उघडून, शेजारच्या खोलीतून एक ट्रायल कॉल करून घ्यायचा, नाहीतर दुबईतून फोनवर आईला "आता हिरवं बटण दाब" शिकवत बसावं लागतं, आणि ते होत नाही म्हणून मग माणूस व्हीपीएनकडे वळतो.

मॅचचं जरा वेगळं आहे. इथल्या अॅपला भारतात असल्याचं भासवून तिकडे मॅच बघणं हे मुख्यतः त्या अॅपच्या अटी मोडणं आहे, अॅप तुमचं खातं बंद करू शकतं. पण त्यात पत्ता लपवणं आलंच, आणि तिथल्या हक्कांचा प्रश्नही आला, म्हणून एका मॅचसाठी मी तरी ही जोखीम घेणार नाही, भावाकडे तिथलं अधिकृत सबस्क्रिप्शन असेलच. सट्ट्याच्या अॅपचं मात्र अजिबात नाव काढू नका. परवाना नसलेला जुगार तिथे गुन्हा आहे, आणि तो व्हीपीएनमागून खेळणं म्हणजे दहाव्या कलमात जे लिहिलंय अगदी तेच. इथे आयपीएलच्या दिवसांत ज्यांना सवय लागलेली आहे त्यांनी असली अॅप्स फोनमधून काढूनच विमानात बसावं.

सरकारी पोर्टल. आपल्याकडच्या काही सरकारी साइट्स परदेशातल्या पत्त्यावरून उघडतच नाहीत, हे तिकडे गेल्यावर कळतं आणि मग शेवटच्या तारखेला धावपळ. इथे हेतू गुन्ह्याचा नाही हे खरं, पण सरळ उपाय असताना वाद कशाला, फॉर्म निघण्याआधी भरायचा किंवा घरातल्या विश्वासू माणसाला भरायला सांगायचा.

कायदा झाला, आता फोन, कारण कित्येकांच्या फोनमध्ये व्हीपीएन त्यांच्या नकळत चालू असतो. अँटीव्हायरससोबत आलेला, ब्राउझरमध्ये आतच असलेला, नाहीतर कुणीतरी "नेट फास्ट होतं" म्हणून टाकून दिलेला. अँड्रॉइडवर Settings मध्ये Network & internet आणि त्यात VPN उघडा (कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात, सेटिंग्जच्या सर्चमध्ये VPN टाकलं की सापडतं). तिथे प्रत्येक नावाशेजारच्या चाकावर टॅप करून Always-on VPN बंद आहे ना ते बघा. हे चालू असेल तर विमान उतरल्यावर फोनने नेट पकडलं रे पकडलं की व्हीपीएन आपोआप लागतो, तुम्ही हात न लावता. आयफोनवर Settings, General, मग VPN & Device Management. आणि पेड आयक्लाउड असेल तर त्यातलं Private Relay पण बघा, ते पूर्ण व्हीपीएन नसलं तरी सफारीत तुमचा पत्ता लपवतंच, आणि आपण आत्ताच वाचलं की कायद्याला नावाशी नाही, पत्त्याशी घेणं आहे. काही देशांत, उदाहरणार्थ चीनमध्ये, अॅपल स्वतःच ही सोय देत नाही.

अजून एक गोष्ट, जी तिकडे गेल्यावर गोंधळात टाकते. भारतातलं सिम रोमिंगवर असेल तर तुमचं नेट बऱ्याचदा भारतातल्या कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून जातं, त्यामुळे तिथे ब्लॉक असलेलं काहीतरी तुमच्या फोनवर उघडतं आणि भावाच्या वायफायवर उघडत नाही. उघडलं म्हणून ते तिथे कायदेशीर झालं असा अर्थ काढू नका. तुम्ही उभे ज्या जमिनीवर आहात त्या जमिनीचा कायदा लागतो, मग सिम कुठलंही असो. हेच ट्रान्झिटला लागू. अमेरिकेला जाताना दुबई एअरपोर्टवर चार तास बसलात आणि तिथल्या वायफायवर आहात तरी तुम्ही यूएईतच आहात.

हीच पद्धत चीनला लावली तर उत्तर उलटं येतं म्हणून ते थोडक्यात सांगतो. तिथले आंतरराष्ट्रीय इंटरनेट जोडणीचे नियम १९९७ मध्ये दुरुस्त झालेत आणि त्यात हेतूचा प्रश्नच नाही. परदेशी नेटवर्कशी जोडणी सरकारने ठरवलेल्या मार्गानेच करायची, दुसरा मार्ग वापरला तर ताकीद आणि १५,००० युआनपर्यंत दंड, असं ते आहे. म्हणजे तिथे पहिल्याच प्रश्नाला अडतं, परवानगी नसलेलं साधनच नियमाबाहेर आहे, तुम्ही त्यातून नुसती बातमी वाचली तरी. ऑफिसच्या कामासाठी जाणाऱ्यांनी "आमची लाइन तिथे मंजूर केलेली आहे का" हे कंपनीला विचारलंच पाहिजे, तिथे साधं "व्हीपीएन चालेल का" विचारून भागत नाही.

आणि रशियाचं उदाहरण तारखेसाठी बघा. १ मार्च २०२४ पासून तिथे ब्लॉक चुकवायच्या उपायांचा प्रचार करायला बंदी आली, मग १ सप्टेंबर २०२५ पासून अतिरेकी ठरवलेला मजकूर मुद्दाम शोधणं, व्हीपीएन लावून शोधलं तरी, ह्याला ३,००० ते ५,००० रुबल दंड आणि गुन्ह्यात व्हीपीएन वापरला असेल तर ती गंभीर बाब धरायची असं ठरलं. तिकडे मेडिकलला शिकणारी आपली पोरं भरपूर आहेत, आणि २०२३ ला गेलेल्या सीनियरने दिलेला सल्ला २०२५ ला गेलेल्या ज्युनियरच्या कामाचा उरलेला नव्हता. म्हणून जे काही वाचाल त्याची तारीख आधी बघा, आणि तपासणी दोनदा करा, एकदा तिकीट काढताना आणि एकदा निघायच्या आठवड्यात.

मूळ कायदा सापडतच नसेल किंवा भाषेमुळे कळत नसेल तर ब्रिटन सरकारच्या `gov.uk` वरच्या प्रवासी सूचना उघडा, प्रत्येक देशाच्या पानावर Safety and security मध्ये तिथल्या कायद्यांचा भाग असतो आणि पान शेवटचं कधी बदललं ते लिहिलेलं असतं. त्यात व्हीपीएनचा उल्लेख नसेल तर त्याला परवानगी समजू नका, तो फक्त उल्लेख नसणं आहे. यूएईच्या कायद्याचं इंग्रजी भाषांतर वाचताना हेही ध्यानात ठेवा की कोर्टात अरबी मजकूर धरतात. कायद्याचं पान, नियामकाचं पान आणि ऑफिसचा मेल, तिन्हींची पीडीएफ तारखेसकट फोनमध्ये ऑफलाइन ठेवा. तिथे गेल्यावर खरंच काही चौकशी उपटलीच तर समोरच्याशी वाद घालायचा नाही, फोनमधलं काही घाईघाईने डिलीट करायचं नाही (पुरावा नष्ट केल्याचं वेगळंच लचांड मागे लागेल), न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करायची नाही, दुभाषी मागायचा, आणि भारतीय दूतावासाला किंवा दुबईत असाल तर भारतीय कॉन्सुलेटला कळवायला सांगायचं. तो नंबर कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, कारण अशा वेळी पहिल्यांदा फोनच हातातून जातो.